महापुराआधी गोदामात काय असावे?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांकडे राज्यभरातून मदतीचा ओघ सुरू झाला, हे सर्वांना आठवत असेल. त्यातली बरीचशी मदत पाणी ओसरू लागल्यावर पोहोचली, हे तितकेसे आठवत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्यामुळे कित्येक दिवस बंद होता. सामानाने भरलेली वाहने अलीकडे उभी होती आणि ज्यांच्यासाठी ती निघाली होती ती माणसे शाळांच्या, देवळांच्या आणि शेजाऱ्यांच्या माळ्यांवर पलीकडे होती. रस्ते मोकळे झाल्यावर मोठ्या रस्त्यांवरच्या गावांत बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांचे ढीग साचले, तर आतल्या गावांत झाकणाची बादली मिळणे कठीण झाले. तेव्हापासून अनेक सेवाभावी संस्थांनी पावसाळ्याआधीच मदतसाहित्याचा साठा करायला सुरुवात केली. ही पद्धत योग्यच आहे. मात्र अशा बहुतेक गोदामांत काय ठेवायचे हे देणगीदार ठरवतो, किती ठेवायचे हे जमलेला निधी ठरवतो आणि उरलेल्या मालाचे काय करायचे हे कोणीच ठरवत नाही. माझ्या मते हे तिन्ही निर्णय दोन साध्या प्रश्नांवर घ्यायला हवेत. गाव तुटलेले असताना ही वस्तू बाजारातून मिळेल का? आणि पूर आलाच नाही, तर ती उरल्याने आपले किती नुकसान होईल?

शिरोळ तालुक्यातील नदीकाठचे एक गाव उदाहरणादाखल घेऊ. गाव कल्पित आहे, पण त्याची परिस्थिती तिथल्या कोणालाही ओळखीची वाटेल. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्या परिसरात पाणी एका रात्रीत घुसत नाही, फुगवट्याने चढत जाते. आधी बंधारे पाण्याखाली जातात आणि त्यांच्यावरून जाणारे जवळचे रस्ते बंद होतात. मग मुख्य रस्त्यावरचा ओढा भरतो. त्यानंतर गावाचे बेट होते. आपल्या गावात ६०० कुटुंबे आहेत असे धरू. घरोघर विचारपूस केल्यावर असे दिसते की, २०१९ इतके पाणी आले तर त्यांतली निम्मी पाहुण्यांकडे किंवा शिबिरांत आधीच जातील आणि ३०० कुटुंबे, म्हणजे साधारण १,३५० माणसे, गावातल्याच उंच भागात सात दिवस अडकतील. नियोजनाचा आकडा हा १,३५० आहे; गावाची लोकसंख्या किंवा संस्थेच्या खात्यातली शिल्लक हे त्याचे आधार होऊ शकत नाहीत. तो ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदींतून, आशाताईंच्या वहीतून आणि शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर राहिलेल्या पुराच्या खुणेवरून काढता येतो. त्यासाठी गावात आठवडाभर फिरावे लागते आणि बहुतेक संस्था नेमके तेवढेच करत नाहीत.

पहिली निकड पाण्याची. चहूकडे पाणी असताना प्यायला पाणी नसते, हे पुरात अडकलेल्यांना सांगावे लागत नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कोल्हापूर शहराची उपसा केंद्रेच पाण्यात गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. मग खेड्यातल्या नळयोजनेचे काय होणार, हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी संस्थांना सर्वांत आधी बाटलीबंद पाणी सुचते. हिशेब मांडून पाहू. प्रत्येकी रोज तीन लिटर, म्हणजे केवळ पिण्यापुरते धरले तरी १,३५० माणसांना सात दिवसांत २८,००० लिटरच्या वर पाणी लागते. हे २८ टन वजन आहे. ते ठेवायला जागा लागते आणि रस्ता बंद झाल्यावर ते होडीने न्यावे लागते. त्याऐवजी वीस लिटर पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या घ्याव्यात. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी पाच लिटर धरले, तर रोज साधारण ३४० गोळ्या आणि सात दिवसांत २,४०० गोळ्या लागतात. विहिरीचे पाणी गढूळ असेल तर दुप्पट मात्रा द्यावी लागते, म्हणून ५,००० ठेवाव्यात. हा साठा दोन-तीन खोक्यांत मावतो. पट्टीत हवाबंद असलेल्या या गोळ्या काही वर्षे टिकतात, म्हणजे उरल्याचे नुकसान जवळपास नाही. बाटलीबंद पाणी फक्त पहिल्या दिवसापुरते असावे.

इथे दोन अडचणी येतात आणि दोन्ही गोदामातच सोडवाव्या लागतात. पहिली अशी की, गोळी टाकायला स्वच्छ, झाकण असलेले भांडे नसेल तर गोळीचा काहीच उपयोग नाही. म्हणून कुटुंबामागे वीस लिटरची दोन भांडी, म्हणजे एकूण ६०० भांडी हवीत. कॅन घेतले तर रिकामे असूनही ते आख्खी खोली अडवतात, कारण ते एकमेकांत बसत नाहीत. झाकणाच्या बादल्या एकात एक बसतात आणि झाकणे वेगळी बांधून ठेवता येतात, त्यामुळे तेवढ्याच ६०० नगांना एक कोपरा पुरतो. तळाशी तोटी बसवलेल्या बादल्या त्याहून चांगल्या, कारण त्यांत हात किंवा पेला बुडवावा लागत नाही. मात्र तोट्या वेगळ्या ठेवून वाटपाच्या वेळी बसवाव्या लागतात, नाहीतर बादल्या पुन्हा एकात एक बसेनाशा होतात. दुसरी अडचण ब्लीचिंग पावडरीची, म्हणजे गावात जिला टीसीएल म्हणतात तिची. ती स्वस्त आहे आणि ग्रामपंचायतीला सवयीची आहे, म्हणून संस्थाही पोती भरून ठेवतात. पण दमट हवेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मार्चमध्ये घेतलेले पोते ऑगस्टमध्ये नावापुरतेच उरते. ओळखायची खूण अशी की, पावडरीचे ढेकळ झालेले असते आणि पोते उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येत नाही. खात्री करायची असेल तर ती पाण्यात टाकून अर्ध्या तासाने जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्यावी. पिवळा रंग आला नाही, तर ती पावडर विहिरीत टाकून गावाला सुरक्षित वाटायला लावणे हे काहीच न टाकण्यापेक्षा वाईट आहे. टीसीएल पाहिजेच असेल, तर ती जूनच्या अखेरीस, लहान हवाबंद डब्यांत आणि पूर ओसरल्यावरच्या सफाईपुरती घ्यावी.

अन्नाचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो, कारण अन्न उरले की नासते. मोठ्या पुरानंतर शासन पूरग्रस्त कुटुंबांना गहू-तांदूळ देते, पण गहू म्हणजे भाकरी-चपाती नव्हे. वीज नसली की गावातली गिरण बंद असते, आणि चूल व सिलिंडर पाण्याखाली गेलेल्या घरात तांदूळही कच्चाच राहतो. म्हणून पहिल्या तीन दिवसांसाठी शिजवावे न लागणारे अन्न हवे आणि ते लोकांच्या जिभेला सवयीचे हवे. भिजवून खाता येणारे पोहे, फुटाणे आणि गूळ यांवर कोणाचेही तीन दिवस निभावतात. माणशी रोज ३०० ग्रॅम पोहे आणि १००-१०० ग्रॅम फुटाणे व गूळ धरले, तर १,३५० माणसांना तीन दिवसांसाठी सुमारे १,२०० किलो पोहे, ४०० किलो फुटाणे आणि तितकाच गूळ लागतो. दोन टनांचा हा माल एका टेम्पोत जातो. शेंगदाणे मुद्दाम वगळले आहेत. दमट गोदामात ते खवट होतात आणि त्यांना येणारी बुरशी विषारी असू शकते. गुळाबाबतही सावध राहावे लागते. कोल्हापूरची गुळाची ख्याती खरी असली, तरी आषाढात उघडी ढेप पाझरते आणि तिचा ओघळ खालच्या पोत्यांत जातो. किलो-अर्ध्या किलोच्या घट्ट बंद पिशव्या मिळत नसतील, तर तिथे साखर बरी.

आता हे दोन टन अन्न संस्थेने आपल्या गोदामात ठेवावे का? माझे उत्तर असे की, बहुतांशी ठेवू नये. ज्याच्या दुकानातून हा माल रोज विकला जातो त्या घाऊक किराणा व्यापाऱ्याकडेच तो राखून ठेवावा. एक जुलै ते पंधरा सप्टेंबर या काळात आपल्या गोदामात इतके किलो पोहे आणि इतके किलो फुटाणे कायम शिल्लक राहतील, असे त्याने लिहून द्यावे. संस्थेने त्या मालाच्या किमतीचा काही भाग अनामत म्हणून आणि जागा अडवल्याबद्दल दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. दर आधीच ठरलेला असावा. व्यापारी जुना माल विकतो, नवा आणतो, आणि साठा आपोआप ताजा राहतो. पोह्यांना जाळी धरण्याचा प्रश्न संस्थेच्या डोक्यावरून उतरतो. ज्या वर्षी पूर येत नाही त्या वर्षी संस्थेचा खर्च केवळ भाड्याएवढा होतो.

या व्यवस्थेत धोका नाही असे नाही. पुरात भाव चढला की ठरलेला दर व्यापाऱ्याला जड वाटू लागतो, आणि त्याच दिवशी रोख पैसे घेऊन दुसरी संस्था दारात उभी राहिली तर राखीव माल तिच्या टेम्पोत चढतो. त्याहून मोठा धोका म्हणजे गोदामच पाण्यात जाण्याचा. सांगलीत नदीजवळच्या पेठांत पाणी शिरते हे प्रत्येक महापुरात दिसले आहे, आणि २००५ मध्ये हरिपूरच्या पेवांतली हळद भिजून पिढ्यान्‌पिढ्यांची साठवणव्यवस्था कशी कोलमडली, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून व्यापारी निवडताना त्याच्या दराआधी गोदामाच्या जोत्याची उंची पाहावी आणि संस्थेच्या माणसाने दर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष जाऊन पोती मोजावीत. एक दिवसाचे अन्न, म्हणजे एकूण गरजेचा तिसरा हिस्सा, मात्र गावातच ठेवावा. कारण टेम्पो वेळेवर निघाला नाही तर करारातला एकही पोहा गावात पोहोचत नाही.

काय ठेवावे याबरोबर किती ठेवावे हा प्रश्नही आता सुटा होतो. प्रत्येक वस्तूपुढे दोन तोटे लिहावेत, कमी पडण्याचा आणि उरण्याचा. बादल्या, गोळ्या, ताडपत्र्या, खराटे, फावडी, घमेली, गमबूट या वस्तू उरल्या तर पुढच्या वर्षी कामाला येतात. म्हणून त्यांचा साठा २०१९ सारख्या वाईटातल्या वाईट पुराच्या हिशेबाने करावा. पोहे उरले तर वाया जातात. म्हणून ते सर्वसाधारण पुराच्या हिशेबाने घ्यावेत आणि वाढीव गरज करारावर सोडावी. ताडपत्रीच्या संख्येत मात्र एक गफलत नेहमी होते. ती कुटुंबांच्या संख्येइतकी घेतली जाते. प्रत्यक्षात शाळेत किंवा माळ्यावर असलेल्या कुटुंबाला पुराच्या काळात तिचा फारसा उपयोग नसतो. गरज लागते ती पाणी उतरल्यावर, भिजलेल्या मातीच्या भिंती कोसळू लागतात तेव्हा. त्यामुळे चार बाय सहा मीटरच्या ताडपत्र्या गावातल्या मातीच्या भिंतींच्या घरांइतक्या ठेवाव्यात आणि त्या धान्याच्या जवळ कधीही ठेवू नयेत, कारण धान्यासाठी आलेला उंदीर ताडपत्रीच्या घड्याच आधी कुरतडतो आणि उलगडल्यावर एकाच जागी पडलेली भोके सगळ्या घड्यांतून आरपार गेलेली दिसतात.

काही वस्तू मुळातच नकोत. तान्ह्या मुलांची दूध पावडर हे त्यांतले ठळक उदाहरण आहे. ती वाटण्यावर १९९२ च्या कायद्याने कडक निर्बंध आहेत, आणि पुरात पाणी व बाटली दोन्ही अशुद्ध असताना ती बाळाला जुलाबांकडेच नेते. औषधांत जलसंजीवनीच्या पुड्यांपलीकडे संस्थेने जाऊ नये. लेप्टोवरच्या गोळ्या कोणाला द्यायच्या हे प्राथमिक आरोग्य केंद्राला ठरवू द्यावे.

जनावरांचा मुद्दा इथे टाळता येणार नाही, कारण १,३५० हा आकडा मुख्यतः त्यांच्यावरच अवलंबून आहे. म्हशी सोडून जायचे नाही म्हणून माणसे घरात राहतात, हे या पट्ट्यात कोणीही सांगेल. एका म्हशीला जगण्यापुरता रोज सहा किलो कडबा धरला, तर ५०० जनावरांना सात दिवसांसाठी २१ टन वैरण लागते. ही वैरण संस्थेने गोदामात भरून ठेवणे अशक्य आहे आणि भिजली तर ती कुजते. पण उंच माळावरच्या एखाद्या गावात दावणीची जागा, पाण्याची सोय आणि तिथल्याच शेतकऱ्यांकडून कडबा किंवा मुरघास घेण्याचा करार जुलैआधी झाला, तर पाणी चढण्याआधी जनावरे हलतात आणि त्यांच्यामागून माणसेही हलतात. बादल्यांवर खर्च होणाऱ्या पैशांतला काही भाग या कराराकडे वळवला, तर बादल्या कमी लागतात. देणगीदाराला दाखवायला इथे काहीच उरत नाही, ही त्याची अडचण. तरी माझ्या मते संपूर्ण यादीत यापेक्षा चांगला खर्च दुसरा नाही.

साठा फिरता ठेवण्याविषयी बोलताना सर्वांत आधी तयार संचांची, म्हणजे किटची, सवय सोडली पाहिजे. बिस्किटे, साबण, काडेपेटी, पोहे आणि जलसंजीवनी एका पिशवीत भरून मे महिन्यात थप्पी लावली की फोटो चांगला येतो. पण त्या पिशवीचे आयुष्य तिच्यातल्या सर्वांत लवकर संपणाऱ्या वस्तूइतकेच असते. बिस्किटांची मुदत संपली की तीनशे पिशव्या उघडाव्या लागतात. शिवाय दोन महिने साबणाशेजारी राहिलेल्या पोह्यांना साबणाचा वास लागतो आणि ते गुरांपुढेच टाकावे लागतात. वस्तू सुट्या, प्रकारवार ठेवाव्यात. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि प्रत्येक थप्पीवर मुदतीचा महिना मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा. आधी आलेला माल आधी बाहेर, हा व्यापाऱ्याचा नियम इथे पुरेसा नाही. ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर, हा नियम हवा, कारण देणगीत नंतर आलेला माल अनेकदा जुन्या मुदतीचा असतो. पिशव्या भरण्याचे काम इशारा मिळाल्यावर करावे. वीस माणसांची रांग असेल तर तीनशे पिशव्या एका दुपारात भरून होतात.

तो इशारा कोणता, हेही आधीच लिहून ठेवावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. धोका पातळीची वाट पाहणारी संस्था उशीर करते, कारण तोवर आतल्या गावांचे रस्ते गेलेले असतात. ३९ फुटांना आणि पाणलोटात पाऊस सुरूच असेल तर जयसिंगपूरच्या उंच भागातल्या गोदामातून माल गावात हलवावा. काही वर्षी पाणी तिथूनच उतरेल आणि टेम्पोचे दोन्ही बाजूंचे भाडे वाया गेले असे विश्वस्तांना वाटेल. ते वाया गेलेले नसते. तो या व्यवस्थेचा ठरलेला खर्च आहे आणि अंदाजपत्रकात त्याचे वेगळे कलम असायला हवे.

अंदाजपत्रकाचा विषय निघालाच आहे तर मार्च महिन्याबद्दलही बोलले पाहिजे. कंपन्यांचा सामाजिक निधी आर्थिक वर्षअखेरीआधी संपवण्याची घाई असते, म्हणून खाद्यपदार्थांची खरेदीही मार्चमध्ये उरकली जाते, आणि सहा महिन्यांची मुदत असलेला पुडा नेमका पुराच्या तोंडावर संपायला येतो. मार्चच्या पैशांतून बादल्या, ताडपत्र्या, फावडी घ्याव्यात आणि व्यापाऱ्याची अनामत भरावी. खाण्याचे काहीही जूनच्या अखेरीआधी गोदामात येऊ नये.

उरलेल्या मालासाठी या भागात एक नैसर्गिक वाट आहे. परतीचा पाऊस संपतो आणि गाळप हंगाम सुरू होतो, तेव्हा ऊसतोड मजुरांच्या टोळ्या याच तालुक्यांत उतरतात आणि फडाजवळ खोपी घालून राहतात. गावात ठेवलेले एक दिवसाचे पोहे-फुटाणे, वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेल्या ताडपत्र्या, मुदत संपायला किमान तीन महिने असलेला साबण आणि जलसंजीवनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे गेली, तर ती गरजेच्या वेळी वापरली जाते आणि गोदाम रिकामे होते. मात्र हे साठा नोंदवहीत आधीपासून लिहिलेले असावे. वार्षिक लेखापरीक्षणात ‘शिल्लक’ म्हणून दिसणारा माल आणि ‘नियोजित वाटप’ म्हणून दिसणारा माल यांत विश्वस्तांच्या लेखी फार फरक असतो, आणि पहिल्या प्रकारचा माल पुढच्या वर्षीची खरेदी रोखून धरतो.

या मांडणीला एक मर्यादा आहे आणि ती कोकणात लगेच दिसते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी इतक्या वेगाने चढले की, इशारा मिळाल्यावर टेम्पो भरण्याला काही अर्थच उरला नाही. तिथे व्यापाऱ्याशी केलेला करार कामाचा नाही, कारण बाजारपेठच सर्वांत आधी बुडते. तिथला साठा १ जूनपासून प्रत्येक वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर हवा. तो लहान हवा आणि त्यात अन्नाचा वाटा जास्त हवा, मग वर्षाअखेरीस त्यातले काही टाकावे लागले तरी चालेल. कोल्हापूरच्या संस्थेची यादी चिपळूणच्या संस्थेने जशीच्या तशी उचलली, तर तिच्याकडे सहाशे बादल्या असतील आणि त्या सगळ्या चुकीच्या मजल्यावर असतील.